चार पानांत लॉट क्रमांक नव्हता

(निलंगा येथे ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तक्रार अर्ज कसा लिहावा, हा विषय मला देण्यात आला आहे. अर्जाचा कागद कोणता, समास किती, प्रत कोणाकोणाला, हे सारे आपण जाणता. त्यावर मी वेळ घेणार नाही. मी आपल्यापुढे एकच अर्ज ठेवणार आहे. तो आपल्याच तालुक्यातील आहे. तो प्रथम कसा लिहिला गेला, त्यातून काय काढले, काय ठेवले आणि काय नव्याने घातले, एवढेच सांगणार आहे.

२०२० चा खरीप आपल्याला आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस. मृगाचा पाऊस वेळेवर झाला, पेरण्याही झाल्या, आणि आठवड्याभरात ठिकठिकाणच्या शेतांत काळी मातीच दिसू लागली. सोयाबीन उगवलेच नाही. राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत एके सायंकाळी आमच्या गावाकडील एक शेतकरी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आपल्या पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले. पुतण्या पदवीधर, वाचणारा, तळमळीचा. त्याच्या हातात चार पानी अर्ज होता आणि खाली अकरा शेतकऱ्यांच्या सह्या होत्या.

त्या अर्जातील काही वाक्ये मी त्याच्या अनुमतीने वाचतो :

"सदर कंपनीने बोगस व भेसळयुक्त बियाणे विकून संपूर्ण तालुक्यातील शेतकऱ्यांना देशोधडीला लावले आहे. या लुटारू कंपनीचे, विक्रेत्यांचे व कृषी खात्यातील सर्व अधिकाऱ्यांचे संगनमत असून प्रत्येकाला हप्ता पोहोचतो हे जगजाहीर आहे. आमचे प्रत्येकी पाच लाख रुपयांचे नुकसान झाले आहे. सात दिवसांत न्याय न मिळाल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील."

मी अर्ज दोनदा वाचला. मग पुतण्याला विचारले, "बाळा, पिशवीवरचा लॉट क्रमांक यात कुठे आहे?"

चार पानांत तो कुठेच नव्हता. पेरणीची तारीख नव्हती. गट क्रमांक नव्हता. विक्रेत्याच्या पावतीचा उल्लेखही नव्हता. क्रोध सगळीकडे होता आणि बियाणे कुठेच नव्हते!

आता असा अर्ज पुढे कोणाच्या हाती पडतो, ते पाहू. बियाणे न उगवल्याची तक्रार तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीकडे जाते. समितीत कृषी विभागाचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचा व महाबीजचा प्रतिनिधी असतो. ही मंडळी शेतात येतात, रोपे मोजतात, पंचनामा करतात आणि दोष बियाण्याचा की अन्य कशाचा, याविषयी आपला अभिप्राय लिहितात. पुढे ग्राहक आयोगात गेलात तरी वकील प्रथम हाच पंचनामा काढून पाहतो. हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की पीक नीट आले नाही एवढ्यावरून दोष बियाण्याचाच होता असे धरता येत नाही. तसे सांगणारा तज्ज्ञांचा अहवाल लागतो. म्हणजे अण्णांचे सारे भवितव्य त्या समितीच्या दोन-तीन पानांवर अवलंबून होते. आणि पुतण्याच्या अर्जाने त्या समितीतील प्रत्येकाला, शेतात पाऊल टाकण्यापूर्वीच, हप्तेखोर ठरविले होते.

मी त्याला विचारले, "हप्ता घेताना कोणाला पाहिलेस? कोणी सांगितले? तारीख, रक्कम, साक्षीदार?"

तो म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांनाच माहीत आहे."

मी म्हणालो, "सगळ्यांनाच माहीत आहे, याचा अर्थ साक्षीला कोणीच येणार नाही. उद्या पुरावा हाती आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे वेगळा अर्ज देऊ, मी स्वतः लिहून देईन. परंतु बियाण्याच्या अर्जात तो विषय नको."

येथे मी थोडे विषयांतर करतो. पण ते या विषयाच्या मुळाशीच जाते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांची झडती घेत होते, माणसे ओढून नेत होते, देवघरात शिरत होते, सामानसुमान जाळले जात होते. लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांतील कितीतरी नावानिशी सिद्ध करता येण्याजोग्या होत्या. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे गेली होती. त्यांवर विसंबून गोखल्यांनी तेथील 'मँचेस्टर गार्डियन' पत्रात या अत्याचारांना वाचा फोडली. त्यात दोन स्त्रियांवर सोजिरांनी बलात्कार केल्याचा आणि त्यांपैकी एकीने नंतर आत्महत्या केल्याचा आरोपही होता. एकच गदारोळ उडाला. सरकारने पुरावा मागितला. गोखले मुंबईत परतले तेव्हा त्यांच्या हाती पत्रांखेरीज काही नव्हते, आणि पत्रे लिहिणारे पुढे येण्यास तयार नव्हते. अखेर ऑगस्टमध्ये त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली.

ती घटना घडलीच नव्हती, असे मला म्हणावयाचे नाही. ते आज कोणी सांगू शकणार नाही. मला दिसते ते एवढेच, की सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी पुरावा असलेला एक आरोप कोसळला, आणि त्याच्या धक्क्याने बाजूची भक्कम तक्रारही झाकोळली. झडतीतील उद्दामपणा, देवघरातील बूट, नासलेले सामान, हे सारे मागे पडले आणि चर्चा उरली ती गोखल्यांच्या माफीची. गोखल्यांसारखा आकडे आणि कागदपत्रे यांत आयुष्य घालविलेला मनुष्य, त्याच्याही हातून हे घडले. आपण तर सामान्य कार्यकर्ते.

आता पुन्हा अण्णांकडे वळू. त्या रात्री आम्ही पुतण्याच्या चार पानांवर तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारला : हे कोणी नाकारले तर आपण काय दाखवू? जेथे दाखविण्यासारखे काही होते, ते वाक्य ठेवले. जेथे नव्हते, तेथे काट मारली. "लुटारू" गेला. "देशोधडी" गेली. "संपूर्ण तालुका" गेला, कारण आमच्याजवळ अकरा सह्या होत्या, तालुका नव्हता. शेवटची धमकीही गेली.

"बोगस व भेसळयुक्त" या शब्दांपाशी मात्र वाद झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. अण्णा म्हणाले, "उगवलं नाही म्हणजे बोगसच की!" मी म्हणालो, नाही. बोगस म्हणजे दुसऱ्याच मालाला खोटे लेबल लावलेले. भेसळ म्हणजे एका वाणात दुसरे मिसळलेले. तसे लिहिले तर तेच सिद्ध करावे लागेल, आणि पिशवीत घोषित वाणच निघाला तर कंपनी हसत बाहेर पडेल. वस्तुतः त्या वर्षी कारण बहुधा वेगळेच होते. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजविले होते, आणि तेच बियाणे पुढच्या खरिपाला आले. सोयाबीनच्या दाण्याचे साल मुळात पातळ. भिजला, मळणीयंत्रात वेगाने आपटला, गोदामात पिशवी वरून फेकली, की आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोरा दिसतो आणि उगवत नाही. वाण खरा, लेबल खरे. उगवणशक्ती मात्र गेलेली. कायद्याला यासाठी भेसळीची गरजच नाही. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवणक्षमता सत्तर टक्के असली पाहिजे, असे मानक आहे, आणि पिशवीच्या लेबलावर ती छापलेली असते. लेबलावर सत्तर आणि प्रत्यक्षात तीस, एवढे दाखविले की दोष सिद्ध होतो. त्यात कंपनीच्या हेतूत शिरावे लागत नाही.

म्हणून आम्ही "बोगस" खोडून तेथे लिहिले : "लेबलावर घोषित केलेल्या उगवणक्षमतेप्रमाणे बियाणे उगवले नाही." अण्णांना ते फार मिळमिळीत वाटले. "गुरुजी, ह्यात काय उरलं मग?" असे ते म्हणाले. मी म्हणालो, उद्या सकाळी शेतात चला, उरते ते पाहू.

सकाळी आम्ही चौघे गेलो. सोबत एक मीटरची काठी, वही आणि खुरपे. अण्णांचे दोन एकर, पिशव्या दोन, प्रत्येकी तीस किलोच्या. एकरी तीस किलो आणि ओळींत दीड फूट अंतर असले, तर एक मीटर ओळीत साधारण तीस दाणे पडतात. बांधाजवळची कडेची जागा सोडून आम्ही शेतात दहा ठिकाणी काठी आडवी ठेवली आणि रोपे मोजली. सात, पाच, नऊ, सहा, आठ, असे आकडे येत गेले. सरासरी सात. तीस दाण्यांमागे सात रोपे.

परंतु एवढ्यावर थांबू नये. कंपनीचा माणूस येतो तेव्हा त्याची उत्तरे ठरलेली असतात : ओल पुरेशी नव्हती, बी खोल पडले, किंवा पावसाने वर पापडी धरली. हे तिन्ही दोष शेतकऱ्याचे वा निसर्गाचे, बियाण्याचे नव्हेत. आणि ते कधी कधी खरेही असतात! म्हणून आम्ही खुरप्याने ओळ उकरली. न उगवलेला दाणा मातीत कोणत्या अवस्थेत आहे, तो स्वतःच बोलतो. दाणा कोरडा, जसाच्या तसा असेल तर ओल कमी पडली. कोंब फुटून, वाकून, मातीच्या कवचाखाली मोडला असेल तर पापडी आडवी आली. दाणा फुगून, मऊ होऊन, कोंब न काढताच कुजला असेल, आणि रानात पाणी साचलेले नसेल, तर दोष बियाण्यात असण्याचा संभव सर्वाधिक. अण्णांच्या शेतात हा तिसरा प्रकार होता. खोली आम्ही पट्टीने मोजली, तीन ते चार सेंटीमीटर भरली. पाच सेंटीमीटरच्या आतच हवी, ती होती. महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद मागवली. पेरणीपूर्वी ९६ मिलीमीटर पाऊस झालेला होता. ७५ ते १०० मिलीमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असे कृषी विद्यापीठ सांगते. ती अट पूर्ण होती.

हे सारे आम्ही अर्जात आपणहून लिहिले. पुतण्याला आश्चर्य वाटले. "त्यांनी विचारल्यावर सांगू की," तो म्हणाला. मी म्हटले, विचारल्यावर सांगितले तर ते समर्थन होते. आधीच लिहिले तर समितीला तेच शेतात पडताळून पाहावे लागते, आणि पंचनाम्यात तशी नोंद येते.

अण्णांच्या पिशवीत मूठभर बियाणे शिल्लक होते. त्यातले शंभर दाणे मोजून आम्ही ओल्या गोणपाटावर ओळीने मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि पाणी शिंपडत राहिलो. पंचनाम्याचा दिवस आला तोवर एकतीस कोंब निघाले. घरच्या या चाचणीला कायद्याचे वजन नाही, हे ध्यानात ठेवावे. तपासणी प्रयोगशाळेचीच लागते, आणि त्यासाठी त्याच लॉटचा नमुना बियाणे निरीक्षकाने घ्यावा लागतो. तो बहुधा विक्रेत्याच्या दुकानातील शिल्लक मालातून मिळतो. माल संपला की नमुना गेला. म्हणून तर पहिल्याच दिवशी लॉट क्रमांक हवा! शेतकऱ्याजवळ बियाणे मुळीच उरले नसेल तरी दार बंद होत नाही. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की शेतकरी तपासणीसाठी बियाणे राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही. तरीही पिशवी, लेबल आणि पावती ही तीन जपावीत. चुलीत गेलेली पिशवी परत येत नाही.

आता सांगतो ती या प्रकरणातील सर्वांत अवघड गोष्ट. अकरा सह्यांपैकी प्रत्येकाच्या रानात आम्ही काठी आणि खुरपे घेऊन गेलो. नऊ ठिकाणी तेच चित्र. दहाव्या शेतात दाणे सात-आठ सेंटीमीटर खोल सापडले. कोंब आले होते, वर पोहोचले नव्हते. अकराव्याने कंपनीची एक पिशवी आणि घरचे बियाणे मिसळून पेरले होते. हे त्यानेच सांगितले, लपविले नाही. दोघेही गरजू, दोघांचेही नुकसान खरे. पण त्यांची नावे अर्जात राहिली असती तर कंपनीच्या प्रतिनिधीने पंचनाम्यासाठी नेमकी तीच दोन शेते दाखवली असती आणि उरलेल्या नऊ जणांच्या तक्रारीवर तेच पाणी ओतले असते. मी त्या दोघांना घरी जाऊन सांगितले. पहिल्याने मान्य केले. दुसरा म्हणाला, "म्हणजे माझं नुकसान खोटं, होय?" मी म्हणालो, "नाही भाऊ. नुकसान खरे आहे. ते या पिशवीमुळे झाले, एवढेच आपल्याला दाखवता येत नाही." त्याला ते पटले नाही. मला त्याचे वाईट वाटले, आजही वाटते.

नुकसानीच्या आकड्याचेही असेच झाले. पाच लाख हा आकडा पुतण्याने का लिहिला? मोठा लिहिला तर निम्मा तरी मिळेल म्हणून. बाजारातील घासाघीस येथे चालत नाही. दोन एकरांच्या सोयाबीनला पाच लाख मागणारा मनुष्य पावतीतही खोटे लिहीत असेल, असे वाचणाऱ्याला वाटते. आम्ही हिशेब मांडला : बियाणे ४,६०० रुपये, खत २,४००, पेरणीचे ट्रॅक्टरभाडे १,६००, एकूण ८,६००. दुबार पेरणीचा खर्च वेगळा, पावत्या आल्यावर देऊ, असे लिहिले. उत्पन्नातील घटीचा प्रश्न हंगामानंतर ग्राहक आयोगापुढे नेण्याचा हक्क राखून ठेवला. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. काही सोडले नाही. जे आज दाखवता येत नव्हते ते आज मागितले नाही, इतकेच.

अर्ज एका पानाचा झाला. त्याचा गाभा असा होता :

"मी दि. १० जून २०२० रोजी पावतीवर नमूद विक्रेत्याकडून सोयाबीन बियाण्याच्या ३० किलोच्या दोन पिशव्या घेतल्या. वाण व लॉट क्रमांक लेबलानुसार (छायाप्रत सोबत). दि. १४ जून रोजी दोन एकरांत पेरणी केली. पेरणीपूर्वी मंडळात ९६ मि.मी. पाऊस झाला होता. पेरणीची खोली ३ ते ४ सें.मी. दि. २३ जून रोजी दहा ठिकाणी मोजणी केली असता एक मीटर ओळीत सरासरी ७ रोपे आढळली. न उगवलेले दाणे मातीत फुगून कुजलेले आहेत. शेत मोडलेले नाही. समितीने प्रत्यक्ष पाहणी करून पंचनामा करावा आणि याच लॉटचा नमुना तपासणीस पाठवावा, ही विनंती. दुबार पेरणीचा कालावधी मर्यादित असल्याने पाहणी लवकर व्हावी."

अशा नऊ जणांचे नऊ स्वतंत्र अर्ज आम्ही दिले. सामूहिक अर्जात एकाची तारीख चुकली की सर्वांचा अर्ज संशयित होतो. पोच घेतली. "शेत मोडलेले नाही" हे वाक्य लहान दिसते. पण घाईने पाळी घालून दुबार पेरणी करून टाकणाऱ्याच्या शेतात समितीला मोजायला काही उरत नाही. वाट पाहण्याजोगे दिवसही फार नसतात. तेव्हा निदान एक पट्टा तरी तसाच राखावा.

समिती आली. कंपनीचा प्रतिनिधीही आला. त्याने पहिला प्रश्न पावसाचा विचारला, दुसरा खोलीचा. समितीतील विद्यापीठाच्या गृहस्थांनी अर्ज त्याच्यापुढे धरला आणि स्वतः खाली बसून ओळ उकरली. त्यांची मोजणी सरासरी आठ आली, आमची सात. आठच पंचनाम्यात लिहा, असे आम्ही सांगितले. तो पंचनामा नऊही शेतकऱ्यांच्या बाजूने झाला. कंपनीने पिशव्यांची किंमत परत केली. दुबार पेरणीच्या खर्चासाठी मात्र आठ जणांनी पाठपुरावा सोडून दिला. एकट्या अण्णांनी आयोगाची पायरी चढली, आणि तडजोडीत त्यांना तो खर्चही मिळाला. घटलेल्या उत्पन्नाची भरपाई मात्र मिळाली नाही. शेजाऱ्याच्या उगवलेल्या रानाचे उत्पन्न किती, याची नोंद आम्ही त्या हंगामात ठेवली नव्हती. ती ठेवावयास हवी होती. ही चूक माझी.

पुतण्या आता स्वतः इतरांना अर्ज लिहून देतो. मागे एकदा त्याने मला रेशनविषयीचा एक मसुदा तपासण्यासाठी आणून दिला. त्यात शिधापत्रिकेवरील माणसे, प्रत्येकी पाच किलोप्रमाणे होणारे धान्य, पॉस यंत्राच्या पावतीवर छापलेले किलो आणि पिशवीत प्रत्यक्ष भरलेले किलो, महिनावार, असे चार रकाने होते. मी त्यातले केवळ "जाणूनबुजून" हे एक क्रियाविशेषण खोडले. तो म्हणाला, "ते मी मुद्दाम ठेवलं होतं, तुम्ही पकडता का पाहायला."

अकराव्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी कंपनीचे आणि घरचे बियाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत पेरले. बांधावर दोन काठ्या रोवून त्याने खुणा केल्या होत्या. मी तिकडून जात होतो, तर त्याने मला बोलावून त्या दाखविल्या. बोलला मात्र फारसे नाही.